उत्पन्नाच्या एका दाखल्याचा खरा खर्च: क्रियाधारित परिव्यय पद्धतीने मांडलेला हिशेब

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातील एका तहसील कार्यालयात लेखा शाखेत आहे. उत्पन्नाच्या एका दाखल्यामागे शासनाला खरा खर्च किती येतो, ते काढायला साहेबांनी सांगितले आहे. आमच्या दाखले शाखेत ४ महसूल सहायक, १ अव्वल कारकून आणि अर्धा वेळ नायब तहसीलदार आहेत. त्यांचे वर्षाचे वेतन ३८ लाख २२ हजार होते आणि सर्व प्रकारचे मिळून २८,००० दाखले दिले जातात, त्यांतले १२,००० उत्पन्नाचे. भागाकार केला तर १३६ रुपये ५० पैसे येतात. साहेब म्हणतात, हा हिशेब बरोबर नाही, एबीसी पद्धतीने करा. ते नेमके कसे करायचे?

उत्तर:

साहेबांचे म्हणणे बरोबर आहे, पण आपला भागाकार नेमका कुठे चुकतो ते आधी पाहणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी पद्धत त्या चुकीच्या दुरुस्तीतूनच उभी राहते. आपण शाखेत बसणाऱ्या माणसांचा पगार घेतला आणि दाखल्यांच्या संख्येने भागला. यात दोन गोष्टी गृहीत धरल्या गेल्या. पहिली अशी की, दाखल्याचे काम शाखेच्या दारातच सुरू होते आणि तिथेच संपते. दुसरी अशी की, रहिवासाचा दाखला असो, नॉन क्रिमीलेअर असो की उत्पन्नाचा, प्रत्येकाला सारखेच काम पडते, आणि एका फटक्यात निघालेली फाईल व तीनदा त्रुटीत गेलेली फाईल यांत काही फरक नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत, हे आपल्या शाखेतला कोणीही महसूल सहायक हिशेब न करताही सांगेल.

एबीसी, म्हणजे क्रियाधारित परिव्यय पद्धती, रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबिन कूपर यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांसाठी मांडली. खर्च वस्तूमुळे होत नाही, वस्तू तयार करताना कराव्या लागणाऱ्या कृतींमुळे होतो, म्हणून आधी खर्च कृतींवर टाकावा आणि मग ज्या वस्तूने ती कृती जितकी वापरली तितकाच तिच्यावर चढवावा, एवढाच तिचा गाभा आहे. मूळ पद्धतीत प्रत्येक कर्मचाऱ्याला ‘तुझा किती टक्के वेळ कशावर जातो’ असे विचारावे लागे. सरकारी कार्यालयात हा प्रश्न विचारला की सर्वांची बेरीज न चुकता शंभर टक्के येते आणि रिकामा वेळ कोणाकडेच निघत नाही. म्हणून मी आपल्याला कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी २००४ मध्ये मांडलेली वेळेवर आधारलेली सुधारित पद्धत वापरायला सांगेन. तिच्यात दोनच आकडे लागतात. माणसाच्या कामाच्या एका मिनिटाला किती खर्च येतो हा पहिला, आणि एका कृतीला किती मिनिटे लागतात हा दुसरा.

खालचा हिशेब आपल्या शाखेच्या आकड्यांवर केला आहे. मिनिटे मात्र मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्यात असेच काम करताना घेतलेल्या नोंदींवर बेतलेली आहेत आणि गुणाकार सोपा व्हावा म्हणून गोल केली आहेत. आपल्या कार्यालयात ती जशीच्या तशी वापरू नका, स्वतः मोजा.

एका मिनिटाचा दर

राज्य शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे आणि वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी आहे. जेवणाचा अर्धा तास वजा केला की दिवसाचे ८ तास, म्हणजे ४८० मिनिटे उरतात. शनिवार-रविवार, सार्वजनिक सुट्ट्या आणि प्रत्यक्षात घेतल्या जाणाऱ्या रजा वजा जाता वर्षाचे साधारण २२० दिवस धरता येतात. यावरून १,०५,६०० मिनिटे होतात. पण माणूस आठही तास फाईलवर डोळे लावून बसत नाही. सर्व्हर बंद असतो, साहेब बोलावतात, चहा होतो, कोणी तरी चुकून आपल्या टेबलापाशी येऊन पत्ता विचारतो. म्हणून यातली सुमारे ८० टक्के मिनिटेच वापरण्याजोगी धरतात. आपण ८४,००० मिनिटे धरू.

आता पगार. वेतन देयकातली ढोबळ रक्कम घ्यावी, हातात पडणारी नव्हे, आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेतला शासनाचा १४ टक्के हिस्सा त्यात आहे की नाही ते पाहावे. बऱ्याच हिशेबांत तो सुटलेला असतो. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेले कर्मचारी शाखेत असतील तर त्यांच्यासाठी असा हिस्सा भरला जात नाही, त्यांचे निवृत्तिवेतन पुढे वेगळ्या लेखाशीर्षातून जाते. त्यामुळे त्यांचे मिनिट कागदावर स्वस्त दिसते. अशा वेळी सर्वांना एकच १४ टक्के लावणे मला योग्य वाटते. आपण मोजतो आहोत ते त्या टेबलावरचे काम, तिथे बसलेल्या व्यक्तीच्या नेमणुकीची तारीख नव्हे.

आपल्या ३८ लाख २२ हजारांत महसूल सहायकाचे वर्षाला ५,८८,०००, अव्वल कारकुनाचे ८,४०,००० आणि नायब तहसीलदारांचे पूर्ण वर्षाचे १२,६०,००० धरले, तर ८४,००० मिनिटांनी भागल्यावर मिनिटाला अनुक्रमे ७, १० आणि १५ रुपये येतात.

यात बसण्याच्या जागेचा खर्च मिळवावा लागतो. आपली लेखापद्धती रोखीची असल्यामुळे स्वतःच्या इमारतीचे भाडे कोणत्याही देयकात दिसत नाही आणि एकदा घेतलेला संगणक पुढच्या वर्षी फुकट असल्यासारखा वाटतो. सार्वजनिक बांधकाम विभागाकडून तशाच खासगी जागेला जो भाड्याचा दर मिळेल तो मानीव भाडे म्हणून धरावा. समजा एका टेबलामागे मानीव भाडे ४८,००० आले, वीज-इंटरनेट-कागद २४,००० आणि ८०,००० रुपयांचा संगणक, प्रिंटर व स्कॅनर पाच वर्षे चालतो असे धरून १६,००० आले. शाखेचा शिपाई सहा टेबलांना पुरतो, त्याच्या ४,८०,००० मधले ८०,००० एका टेबलावर आले. एकूण १,६८,००० झाले, म्हणजे मिनिटाला २ रुपये. दर आता ९, १२ आणि १७ रुपये झाले.

तलाठ्याचा, म्हणजे ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांचा, दरही असाच काढावा. वेतनाचे ९ आणि सज्जाच्या कार्यालयाचा १ असे मिनिटाला १० रुपये धरू. तलाठी आपल्या शाखेत बसत नाहीत म्हणून आपल्या भागाकारात ते आलेच नाहीत. पुढे दिसेल की सर्वांत मोठी चूक तिथेच होती.

मिनिटे कशी मोजायची

येथे बहुतेक लोक पहिल्यांदा एक मोह आवरू शकत नाहीत. ऑनलाइन प्रणालीत अर्ज कोणत्या टेबलावर केव्हा आला आणि केव्हा पुढे गेला याची नोंद असतेच, तीच उतरवून घेतली की काम झाले, असे वाटते. ती नोंद पडून राहण्याची आहे, कामाची नव्हे. अर्ज महसूल सहायकाच्या लॉगिनला सहा दिवस दिसला म्हणजे त्याने सहा दिवस काम केले असे नाही. सहाव्या दिवशी त्याने सहा मिनिटे काम केले. लोकांच्या दृष्टीने ते सहा दिवस महत्त्वाचे आहेत आणि त्यांचा वेगळा अभ्यास जरूर व्हावा, पण खर्चाच्या हिशेबात फक्त हात लागलेली मिनिटे येतात. शिवाय लॉगिन एकाचे आणि काम दुसऱ्याचे हा प्रकार किती कार्यालयांत चालतो हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. अशा ठिकाणी प्रणाली सांगते की नायब तहसीलदारांनी अर्ज तपासला, प्रत्यक्षात तो अव्वल कारकुनाने तपासलेला असतो, आणि १७ रुपयांचे मिनिट धरले तरी खरे मिनिट १२ रुपयांचे असते.

म्हणून टेबलाजवळ बसून पाहण्याला पर्याय नाही. दोन आठवडे घ्यावेत. एक जूनमधला, दुसरा नोव्हेंबरसारख्या शांत महिन्यातला. प्रत्येक टेबलावर चाळीस-पन्नास अर्ज पाहिले की सरासरी स्थिर होऊ लागते. हातात घड्याळ घेऊन उभे राहू नये, त्याने माणूस एक तर घाईने काम करतो किंवा मुद्दाम सावकाश. आम्ही एक कागद टेबलावर ठेवत असू, दर पंधरा मिनिटांना काय चालू आहे त्याच्यापुढे महसूल सहायकाने स्वतः खूण करायची आणि दिवसाअखेर त्या दिवशीच्या अर्जांची संख्या लिहायची. पहिले दोन दिवस टाकून द्यायचे.

सरळ फाईलला, म्हणजे एकही त्रुटी न निघालेल्या अर्जाला, शाखेत लागणारा वेळ असा निघाला: महसूल सहायक ६ मिनिटे, अव्वल कारकून ३, नायब तहसीलदार २, तेही डिजिटल स्वाक्षरी धरून. यात वादाला जागा थोडी आहे.

तलाठ्याच्या बाबतीत मात्र वाद होतोच. आपण विचाराल तर ते एका चौकशीला एक तास सांगतील आणि ते खोटे बोलत नसतील. त्यांच्या मनात सज्जाच्या एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याचा वेळ असतो. पण गावात गेल्यावर ते एका बैठकीत आठ-दहा जणांचे काम करतात, म्हणून प्रवास एका अर्जावर टाकता येत नाही, तो त्या फेरीतल्या सगळ्या अर्जांत वाटावा लागतो. दुसरी अडचण अशी की, सगळ्या चौकश्या सारख्या नसतात. एखाद्या खासगी कारखान्यातला कामगार फॉर्म १६ घेऊन आला तर फारसे पाहावे लागत नाही. वाळवा-पलूसकडचा ऊस उत्पादक आला तर सात-बारा, आठ-अ आणि कारखान्याचे ऊसबिल यांचा मेळ घालावा लागतो आणि बिल वडिलांच्या नावावर, जमीन तिघा भावांच्या नावावर, असे निघते. जत-आटपाडीकडच्या ऊसतोड कुटुंबाचा मुलगा आला तर आई-वडील दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत फडावर असतात, जबाब कोणाचा घ्यायचा इथपासून सुरुवात होते. सुधारित पद्धतीचा खरा उपयोग इथे होतो, कारण एक सरासरी ठोकून देण्याऐवजी वेळ समीकरणाच्या रूपात लिहिता येतो:

तलाठ्याची मिनिटे = १४ + (शेतीच्या उत्पन्नाचा मेळ घालावा लागल्यास ८) + (कुटुंब गावाबाहेर असल्यास किंवा कागदपुरावा नसल्यास १६)

१४ मिनिटांत प्रवासाचा वाटा आला. दर शंभर अर्जांत ६० जणांना पहिली जोड आणि २० जणांना दुसरी जोड लागत असेल, तर सरासरी १४ + ४.८ + ३.२ म्हणजे २२ मिनिटे येते. साताऱ्यात महाबळेश्वर-पाटणच्या डोंगरी सज्जांत १४ चा आकडा वाढेल आणि माण-खटावात दुसरी जोड वाढेल. समीकरणाचा फायदा असा की, पुढच्या वर्षी अर्जदारांचे मिश्रण बदलले तर पुन्हा मोजणी करावी लागत नाही, फक्त ६० आणि २० बदलावे लागतात.

सरळ फाईलचा खर्च

तलाठी २२ मिनिटे, १० रुपये दराने २२० रुपये. महसूल सहायक ६ मिनिटे, ५४ रुपये. अव्वल कारकून ३ मिनिटे, ३६ रुपये. नायब तहसीलदार २ मिनिटे, ३४ रुपये. बेरीज ३४४.

याखेरीज काही खर्च एकेका दाखल्यामागे वाढत नाही, पण ही सेवा चालू आहे म्हणूनच होतो: मासिक विवरणपत्रे, माहिती अधिकाराचे अर्ज, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालची अपिले, तक्रारींची उत्तरे. उत्पन्नाच्या दाखल्यापुरता हा वर्षाला ३,१२,००० असेल तर १२,००० दाखल्यांवर प्रत्येकी २६ रुपये येतो. सरळ फाईलचा खर्च ३७० रुपये झाला. तहसीलदारांचा सर्वसाधारण वेळ, कार्यालयाचा चौकीदार किंवा राज्यस्तरावर प्रणाली उभारण्याचा खर्च यात ओढूताणून घालू नये. तो उत्पन्नाचा एकही दाखला दिला नाही तरी होणारच आहे.

त्रुटीत गेलेली फाईल

आता ज्या गोष्टीसाठी ही सगळी खटपट करायची ती. अर्ज त्रुटीत निघाला की काय होते ते शाखेतच बसून पाहावे. महसूल सहायक त्रुटी लिहितो, त्याला ५ मिनिटे लागतात. पूर्तता आल्यावर तो अर्ज त्याला आठवत नसतो, म्हणून पुन्हा पहिल्यापासून ६ मिनिटे तपासतो. मधल्या काळात अर्जदार किंवा त्याचा मामा सरासरी दोनदा खिडकीशी येऊन ‘साहेब, आमचं कुठं अडलंय?’ विचारतो आणि प्रत्येक वेळी ४ मिनिटे जातात. महसूल सहायकाची १९ मिनिटे झाली, १७१ रुपये. तीनपैकी एक अर्ज पुन्हा तलाठ्याकडे जातो आणि तिथे १५ मिनिटे घेतो. त्याचे १५० रुपये तिघांत वाटले की ५०. म्हणजे फाईल एकदा परत गेली की २२१ रुपये वाढतात.

खिडकीवरची ती ८ मिनिटे कोणत्याही नोंदवहीत नसतात, प्रणालीतही नसतात. मी पहिल्यांदा हा हिशेब केला तेव्हा ती माझ्याकडून सुटली होती आणि महसूल सहायकांच्या वेळेची बेरीज काही केल्या जुळत नव्हती. शाखेतल्या एका ताई म्हणाल्या, ‘तुम्ही आमचं बोलणं मोजलंच नाही.’ त्यांचे म्हणणे अगदी खरे होते.

समजा १२,००० पैकी ७,८०० दाखले सरळ निघाले, ३,००० एकदा परत गेले आणि १,२०० दोनदा. मग खर्च अनुक्रमे ३७०, ५९१ आणि ८१२ रुपये. एकूण ५६,३३,४०० रुपये आणि सरासरी ४६९ रुपये ४५ पैसे. आपल्या १३६ रुपयांच्या साडेतीनपट हा आकडा आहे आणि त्यात कोणताही फुगवटा नाही.

हा फरक कुठून आला ते साहेबांना नीट दाखवा. ५६ लाखांपैकी २९ लाख १० हजार, म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक, तलाठ्यांचे आहेत. मिनिटांत पाहिले तर २,९१,००० मिनिटे, म्हणजे जवळपास साडेतीन तलाठी वर्षभर उत्पन्नाच्या दाखल्याखेरीज दुसरे काहीच करत नाहीत, एवढा वेळ. तो तालुक्यातल्या सगळ्या सज्जांत विखुरलेला असल्यामुळे कोणालाही दिसत नाही. दुसरी गोष्ट महसूल सहायकांची. पहिल्या तपासणीवर त्यांची ७२,००० मिनिटे जातात आणि परत गेलेल्या फायलींवर १,०२,६०० मिनिटे. म्हणजे दाखला देण्यापेक्षा दाखला अडण्यावर त्यांचा वेळ अधिक खर्च होतो. दाखल्यांची संख्या हा या शाखेच्या कामाचा खरा चालक नाही. फाईल किती वेळा परत फिरते, हा आहे.

नामंजूर झालेल्या अर्जांचा खर्च चांगल्या दाखल्यांवर टाकू नये, तो स्वतंत्र ओळीत दाखवावा. नाही तर नामंजुरी वाढली की दाखला महाग झाल्यासारखा दिसतो.

हिशेब बरोबर आहे हे कसे कळते

प्रत्येक कृतीची मिनिटे गुणिले वर्षाची संख्या अशी बेरीज करून ती उपलब्ध मिनिटांशी ताडून पाहावी. चार महसूल सहायकांची ३,३६,००० मिनिटे आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यांना १,७४,६०० लागली. इतर १६,००० दाखल्यांना सरासरी ८ धरली तर १,२८,०००. एकूण ३,०२,६००, म्हणजे ३३,४०० मिनिटे शिल्लक, सुमारे १० टक्के. हे पटण्याजोगे आहे. बेरीज उपलब्ध वेळेच्या वर गेली तर मिनिटे फुगवलेली आहेत किंवा दुसऱ्या शाखेतून माणसे येऊन काम करून जात आहेत. निम्म्यावरच थांबली तर एखादी कृती सुटली आहे, जशी माझी खिडकी सुटली होती. आणि प्रत्येक महिन्यात बेरीज ९८-९९ टक्के येत असेल तर तो तक्ता घरी बसून भरलेला आहे, एवढे निश्चित समजावे.

शिल्लक ३३,४०० मिनिटांचे ९ रुपयांनी ३,००,६०० रुपये होतात. हे दाखल्यांवर चढवू नयेत, ‘न वापरलेली क्षमता’ म्हणून वेगळे ठेवावेत. पण यावरून माणूस जास्त आहे असा निष्कर्ष कोणी काढू लागला तर त्याला जून दाखवा. चार जणांची महिन्याची क्षमता २८,००० मिनिटे आहे. बारावीच्या निकालानंतर जूनमध्ये उत्पन्नाचेच २,००० दाखले आले आणि फाईल परत जाण्याचे प्रमाण वर्षाइतकेच, म्हणजे ९०० वेळा राहिले, तरी १२,००० आणि १७,१०० मिळून २९,१०० मिनिटे लागतात. बाकी दाखल्यांना हात लावायच्या आधीच महिना संपला. वर्षाच्या सरासरीत रिकामा वेळ आणि जूनमध्ये पुरवठा शाखेतून उसने महसूल सहायक, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

आधारवर्ष निवडतानाही काळजी घ्यावी. २०२४-२५ घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. सातारा आणि सांगली या दोन्ही मतदारसंघांत ७ मे २०२४ ला लोकसभेचे आणि २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान झाले, त्यामुळे कर्मचारी कित्येक आठवडे निवडणुकीच्या कामावर होते. शिवाय जूनअखेरीस लाडकी बहीण योजना जाहीर झाल्याबरोबर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगा लागल्या आणि पुढे पिवळ्या-केशरी शिधापत्रिकाधारकांना त्यातून सूट मिळाली. त्या वर्षीची संख्या आणि त्या वर्षीची मिनिटे, दोन्ही अपवादात्मक आहेत. सांगलीत ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनंतर पंचनाम्यांमुळे असेच झाले होते. निवडणूक किंवा पंचनामा हे रिकामा वेळ नाही आणि दाखल्याचा खर्चही नाही. ती वेगळी कृती आहे, तिला तिची मिनिटे तिच्या दराने द्यावीत आणि बाजूला ठेवावीत.

या आकड्याचे काय करायचे आणि काय करायचे नाही

त्रुटी निम्म्या झाल्या तर काय, हा प्रश्न साहेब विचारतीलच. वर्षाला ५,४०० वेळा फाईल परत जाते. त्यातले २,७०० टळले तर २२१ च्या दराने ५,९६,७०० रुपये वाचले असे कागदावर दिसते. टिपणीत हे ‘बचत’ म्हणून लिहू नका. कोणाचाही पगार त्याने कमी होत नाही, वेतन देयक आहे तेवढेच राहते. मोकळी होतात ती मिनिटे: महसूल सहायकांची ५१,३०० आणि तलाठ्यांची १३,५००. त्यांतली जूनमधली महसूल सहायकांची साधारण ८,५५० मिनिटे खरी मोलाची आहेत, कारण तेव्हाच टंचाई असते. नोव्हेंबरात मोकळी झालेली मिनिटे मोकळीच राहतील.

त्रुटी कशामुळे निघतात याची यादी महसूल सहायकाकडेच तयार असते. आमच्याकडे आधार आणि शिधापत्रिकेवरच्या नावांतला फरक, वाचता न येणारे स्कॅन, स्वयंघोषणापत्रावर सही नसणे आणि ऊसबिल न जोडणे, ही चार कारणे मोठी होती. पहिली तीन सेतू केंद्रात अर्ज भरतानाच पकडता येतात आणि तिथे त्यांना दोन मिनिटेही लागत नाहीत. तिथला खर्च मात्र अर्जशुल्कातून भागतो आणि तो केंद्रचालकाचा असतो, शासनाच्या ४६९ मध्ये तो नाही. म्हणून सेतूवर तपासणी वाढवताना तिथली दोन मिनिटे कोणाच्या खिशातून जाणार हे आधी ठरवावे लागते. आम्ही ते न ठरवता नुसते पत्र काढले होते. पंधरा दिवस त्रुटी कमी झाल्या, मग जैसे थे.

शुल्क ठरवण्यासाठी हा आकडा वापरण्याचा विचार कोणी मांडला तर सावध राहा. ४६९ ही सरासरी आहे, आणि फाईल परत गेल्याचा भार त्यात सरळ कागद आणणाऱ्यावरही पडलेला आहे. शिवाय ज्याच्या कुटुंबाची चौकशी सर्वांत महाग पडते तो बहुधा फडावरच्या मजुराचा मुलगा असतो, आणि ज्या सवलतीसाठी दाखला हवा असतो ती त्याच्यासाठीच ठेवलेली असते.

टिपणीत एकच आकडा देऊ नका. सरळ फाईल ३७०, एकदा परत गेलेली ५९१, दोनदा परत गेलेली ८१२, सरासरी ४६९ असे चार आकडे एका ओळीत द्या आणि त्याखाली तलाठ्यांचा वाटा वेगळा दाखवा. कोणत्या वर्षाचे वेतन धरले, वापरण्याजोगी मिनिटे किती टक्के धरली आणि मानीव भाडे कोणत्या दराने लावले, ही तीन गृहीतके त्याच पानावर असू द्या. महागाई भत्ता वाढला की दर बदलतात, मिनिटे तीच राहतात. त्यामुळे पुढच्या वर्षी दराचा रकानाच नवा करावा लागेल आणि मोजणी पुन्हा करावी लागली तर ती फक्त खिडकीवरची.